दुकानाचं नाव आणि दुकानाचा शब्द

आज मी एका पुस्तकाच्या दुकानाबद्दल बोलणार आहे. आमच्या तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, दहा बाय चौदाची ती खोली आहे. चालवतात आमच्या गटातल्या एक वहिनी. दुकानाचं नाव मी इथं घेणार नाही, नाहीतर ती जाहिरात होईल. गोष्ट मात्र पूर्ण सांगते, कारण त्या दुकानात आपल्या गटाचे ४०,००० रुपये आहेत आणि त्या कर्जासाठी मी शब्द टाकला होता.

दुकान मूळचं वहिनींच्या सासऱ्यांचं. अमुक अमुक बुक डेपो अँड जनरल स्टोअर्स, अशी पाटी. पाठ्यपुस्तकं, गाईडं, वह्या, कंपास, आणि मागच्या फळीवर काही कथा-कादंबऱ्या. सासऱ्यांच्या काळात जून महिन्यात दारात रांग लागायची. मग फोन आले. मुलं फोनवरून गाईडं मागवायला लागली. सासरे थकले, दुकान वहिनींकडे आलं, आणि वहिनींनी गटाकडून कर्ज घेऊन नवी पुस्तकं भरली.

दुसऱ्याच महिन्यात एक गोष्ट घडली. कॉलेजचा एक मुलगा आला. त्यानं पाऊण तास पुस्तकं चाळली, एक निवडलं, त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो काढला आणि वहिनींच्या समोरच फोनवर ते मागवलं. म्हणाला, "काकू, तिथं चाळीस रुपये कमी आहेत." बोलण्यात उद्धटपणा नव्हता. उलट काकूंचंही भलं व्हावं अशा सुरात त्यानं ते सांगितलं.

वहिनींनी त्याच संध्याकाळी पुठ्ठ्यावर लिहून टाकलं, 'सर्व पुस्तकांवर २० टक्के सूट'. आमची पहिली चूक ती. आणि ती एकट्या वहिनींची नव्हती, मी पण म्हटलं होतं की लावून बघा.

आता हा हिशेब नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुस्तकाची छापील किंमत २०० रुपये धरा. वितरकाकडून वहिनींना ते ३० टक्के सुटीनं, म्हणजे १४० रुपयांना पडतं. पार्सलचे पुस्तकामागे ५ रुपये. छापील किमतीला विकलं तर हातात राहतात ५५ रुपये. दुकानाचं भाडं २,५००, वीज ५००, येणं-जाणं ८००, आणि गटाचा हप्ता व्याजासकट साधारण २,०००. झाले ५,८००. वहिनी सकाळी दहा ते सात तिथं बसतात, त्यांच्या मजुरीचे ६,००० धरले, तर महिन्याला ११,८०० रुपये सुटायला हवेत. पंचावन्ननं भागा. म्हणजे महिन्याला २१५ पुस्तकं, दिवसाला आठ.

आता २० टक्के सूट दिली की तेच पुस्तक १६० ला गेलं. हातात राहिले १५ रुपये. ११,८०० ला पंधरानं भागा. महिन्याला ७८७ पुस्तकं, दिवसाला तीस! आमच्या तालुक्याच्या गावात रोज तीस पुस्तकं विकणं कुणालाच जमणार नाही. सूट लावल्यावर खप थोडा वाढलाही. पण जितकं जास्त विकलं तितकं जास्त दमलो, आणि गल्ल्यात काही उरेना. त्या वेळी दोन हप्ते थकले. गटाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "गटाचा पैसा रद्दीत घातला गं तुम्ही." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोठ्या फोनवरच्या दुकानाला ही सूट परवडते, कारण ते हजारोंनी माल घेतं आणि त्याला प्रकाशकाकडून आपल्यापेक्षा मोठी सूट मिळते. शिवाय पुस्तकावर सुटलं नाही तरी त्याला चालतं. पुस्तकासाठी आलेलं गिऱ्हाईक पुढे मिक्सर घेतं, चपला घेतं. वहिनींकडे मिक्सर नाही. तेव्हा किमतीच्या शर्यतीत उतरायचंच नाही, हे आम्ही वहीत लिहून ठेवलं. मग प्रश्न उरला तो हा, की छापील किंमत देऊन माणसानं वहिनींकडे का यावं?

त्याचं उत्तर एका गिऱ्हाइकानंच दिलं. बाजाराच्या दिवशी एक बाई आली, कडेवर लहान मूल, हाताला धरलेला सात वर्षांचा मुलगा. तिला पाटी-पेन्सिल हवी होती. बोलता बोलता म्हणाली, "ह्याचं शाळेत लक्षच नाही. बाई म्हणतात एका जागी बसत नाही. मारून तरी किती मारायचं?" वहिनींनी 'तोत्तोचान' काढून दिलं. जपानमधल्या खऱ्या मुलीची ती गोष्ट. खिडकीशी उभी राहते, वर्गात लक्ष देत नाही म्हणून पहिल्या शाळेतून तिला काढून टाकतात, आणि मग तिला एक वेगळी शाळा मिळते, आगगाडीच्या डब्यांत भरणारी. वहिनींनी ते स्वतः वाचलेलं होतं. त्या म्हणाल्या, "मुलाला नंतर द्या, आधी तुम्ही वाचा." त्या बाईनं किमतीचा विषयसुद्धा काढला नाही.

आता बघा, फोनवरच्या दुकानात त्या बाईनं काय शोधलं असतं? नाव माहीत असेल तर फोन पुस्तक काढून देतो, आणि स्वस्तात देतो. पण तिला नाव माहीत नव्हतं. असं पुस्तक जगात आहे हेच माहीत नव्हतं. तिला अडचण माहीत होती. आपल्या गावात निम्मी गिऱ्हाइकं अशी असतात, अडचण घेऊन आलेली. त्यांच्यासाठी पुस्तक निवडून ठेवणं, हा वहिनींचा खरा माल. छापील कागद दोन्हीकडे सारखाच.

मग आम्ही निवडीच्या कामाला लागलो. आधी मोजणी केली. गाईडं आणि पाठ्यपुस्तकं सोडून दुकानात ९०० पुस्तकं निघाली. त्यातली ४१० वर्षभरात जागची हललेली नव्हती. सरासरी १२० रुपये खरेदी धरली, तर ४९,००० रुपये फळीवर पडून. गटाच्या कर्जापेक्षा जास्त! बरीचशी पिवळी पडलेली, परत पाठवायची मुदत गेलेली. ती चार बाजारांत निम्म्या किमतीला काढली. उरली ती वाडीवरच्या शाळेला दिली. जीव हळहळला, पण फळी मोकळी झाली आणि हातात थोडे रोख पैसे आले.

नवी पुस्तकं भरताना एकच नियम ठरवला. आपल्यापैकी कुणीतरी एकीनं वाचल्याशिवाय पुस्तक फळीवर जायचं नाही. आम्ही आठजणी आहोत. अंगणवाडी सेविका, आशाताई, दोन शिक्षिका, एक शेती करणारी, एक शिवणकाम करणारी, वहिनी आणि मी. प्रत्येकीनं महिन्याला दोन पुस्तकं वाचायची. म्हणजे महिन्याला सोळा. त्यातली निम्मी नापास होतात. तेव्हा महिन्याला फळीवर नवीन येणार सात-आठ, त्यापेक्षा जास्त नाही. दुकानात आज २८० निवडक पुस्तकं आहेत. फोनवर लाखो आहेत. पण ह्या २८० पैकी कुठल्याही पुस्तकाबद्दल विचारा, दुकानात सांगणारं माणूस आहे.

मांडणीही बदलली. ह्या कामात मला एका परदेशातल्या दुकानाचं उदाहरण उपयोगी पडलं. लंडनमध्ये जेम्स डॉन्ट नावाच्या गृहस्थांनी बँकेतली नोकरी सोडून १९९० साली एक पुस्तकाचं दुकान काढलं. तिथं त्यांनी पुस्तकं देशांप्रमाणे लावली. भारताच्या फळीवर भारतातल्या प्रवासाचं पुस्तक, भारताचा इतिहास आणि भारतीय लेखकाची कादंबरी, सगळी शेजारी शेजारी. इटलीला जाणारा माणूस नकाशा घ्यायला येतो आणि कादंबरीही घेऊन जातो, कारण ती त्याच्या हाताशी असते. पुस्तकं तीच, पण शेजार बदलला की गिऱ्हाइकाला नवीन काहीतरी सापडतं.

आमच्याकडे देशाचं काय काम? आम्ही अडचणीप्रमाणे आणि वेळेप्रमाणे फळ्या लावल्या. 'आजीनं वाचून दाखवायला', 'पहिल्यांदा स्वतः वाचणाऱ्याला', 'शाळेत न रमणाऱ्या मुलाच्या आईला', 'शेती करणाऱ्याला', 'बाईनं स्वतःबद्दल लिहिलेलं', 'लग्नात-बारशात द्यायला'. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दुसरीकडे चरित्रांच्या कप्प्यात असतं. आमच्याकडे ते शेतीच्या फळीवर आहे. कार्व्हरनं अमेरिकेत, कापसानं खंगलेल्या जमिनीत भुईमूग लावायला शेतकऱ्यांना शिकवलं. आमच्या भागात सोयाबीनवर सोयाबीन घेऊन जमिनी थकल्यात, त्यामुळे ते पुस्तक कंपोस्ट खताच्या पुस्तकाशेजारी ठेवल्यावर पुरुष गिऱ्हाइकांनीही उचललं. चरित्रांत होतं तेव्हा दीड वर्षात दोन प्रती गेल्या होत्या. शेतीत आल्यावर सहा महिन्यांत अकरा गेल्या.

प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी असते, हातानं लिहिलेली, तीन-चार ओळींची. वाचणारीनं स्वतःच्या शब्दांत लिहायचं, आणि खाली आपण कोण ते लिहायचं. जसं, 'दोन मुलांची आई, अंगणवाडी सेविका'. चिठ्ठीत एक ओळ सक्तीची आहे. हे पुस्तक कुणासाठी नाही, ते सांगायचं. 'सुरुवातीची पंचवीस पानं सावकाश जातात.' 'सातवीच्या खालच्या मुलाला जड जाईल.' 'ह्यात मृत्यूचा प्रसंग आहे, घरात नुकतंच दुःख झालं असेल तर आता नको.' सुरुवातीला वहिनी म्हणाल्या, "अगं, आपणच नाव ठेवलं तर घेणार कोण?" पण झालं उलटं. एका पुस्तकाला नको म्हणणारी चिठ्ठी वाचली की दुसऱ्याला घ्या म्हणणाऱ्या चिठ्ठीवर माणसाचा विश्वास बसतो.

इथपर्यंत आल्यावर मग आम्ही नावाचा विचार केला. पुष्कळ जणी धंदा काढताना आधी नाव, चिन्ह, रंगीत पाटी ह्यावर पैसे घालतात आणि त्यालाच ब्रँड म्हणतात. ब्रँड म्हणजे लोकांनी आपल्याकडून धरलेली अपेक्षा. लोणच्याच्या बरणीवर एका घराचं नाव बघून आपण आत न बघता ती घेतो, ती अपेक्षा. आम्ही ठरवलं, आपली अपेक्षा एकाच वाक्यात बसली पाहिजे आणि ती रोज खरी करता आली पाहिजे. वाक्य ठरलं, 'वाचून मग मांडलेली पुस्तकं'. सासऱ्यांचं जुनं नाव तसंच ठेवलं, कारण तीस वर्षं लोक त्या नावानं दुकान ओळखतात आणि ती ओळख फुकट मिळालेली आहे. फक्त 'जनरल स्टोअर्स' हे शब्द काढले आणि खाली हे वाक्य रंगवून घेतलं. पेंटरचे १,२०० रुपये गेले.

मग तेच वाक्य सगळीकडे नेलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लहानसा शिक्का, पण गिऱ्हाइकाला विचारून, कारण भेट द्यायची असेल तर काहींना शिक्का नको असतो. कापडी पिशवीवर तेच वाक्य आणि खाली आमच्या गल्लीचं नाव. लंडनच्या त्या दुकानाची कापडी पिशवी लोक मिरवत नेतात, ती त्या दुकानाची खूणच झाली आहे. आमची पिशवी गटातल्या बाया शिवतात. कापड, शिलाई, छपाई मिळून ३८ रुपये पडतात आणि ४० ला विकतो. तिच्यावर कमावत नाही. ती पिशवी भाजी आणायला जाते, बँकेत जाते, आणि बघणारा विचारतो, "हे कुठलं गं?" एक लक्षात ठेवा, फुकट पिशवी आम्ही देत नाही. पाचशेच्या खरेदीवर हातात उरतात शंभर-सव्वाशे. त्यातली अडतीसची पिशवी फुकट दिली तर परत तीच सुटीची चूक.

आता दुसरी मोठी चूक सांगते. ही जास्त लागली, कारण ह्यात पैसा कमी गेला आणि विश्वास जास्त.

दिवाळीच्या आधी एक विक्रेता मुलांच्या गोष्टींचे संच घेऊन आला. चकचकीत कागद, मोठी चित्रं, आणि सूट ५० टक्के. ३०० चा संच आम्हाला १५० ला. थकलेले हप्ते डोळ्यांपुढे होते. आम्ही चाळीस संच घेतले. कुणी पूर्ण वाचले नाहीत, वरवर चाळले, आणि तरीही आमच्या फळीवर, आमच्या चिठ्ठीसकट ठेवले. तेवीस संच गेले. आठ दिवसांत आमच्यातल्याच शिक्षिकेच्या ओळखीच्या एक बाई संच घेऊन परत आल्या. पान उघडून दाखवलं. शुद्धलेखनाच्या चुका, एका गोष्टीचा शेवटच गायब, आणि एका गोष्टीत काळ्या मुलीला सगळे हसतात आणि शेवटी ती गोरी होते. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही वाचून मांडता म्हणून मी न बघता घेतला होता." वहिनी त्या रात्री जेवल्या नाहीत.

काय करायचं? गप्प बसता आलं असतं. आम्ही दारावर कागद लावला, 'हे संच आम्ही न वाचता ठेवले, आमची चूक झाली, परत आणा, पैसे घेऊन जा.' चौदा संच परत आले. १४ गुणिले ३०० म्हणजे ४,२०० रुपये परत दिले. विक्रेत्यानं न विकलेले सतरा तेवढे परत घेतले, हे चौदा नाही घेतले. त्या महिन्याचा हप्ता पुन्हा उशिरा गेला. पण 'वाचून मग मांडलेली' हे वाक्य पाटीवर ठेवायचं असेल तर दुसरा रस्ता नव्हता.

नंतर मी वाचलं, की हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर इंग्लंडमध्ये होऊन गेली आहे. तिथं वॉटरस्टोन्स नावाची पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी आहे. गावोगावी शाखा. एके काळी प्रकाशक तिला पैसे द्यायचे आणि त्या बदल्यात त्यांची पुस्तकं काचेत आणि पुढच्या टेबलावर मांडली जायची, सगळ्या शाखांत तीच. गिऱ्हाइकाला वाटायचं की दुकानदारानं निवडलं, पण जागा विकलेली असायची. न खपलेली पुस्तकं ढिगानं परत जायची. २०११ साली ती साखळी अडचणीत असताना तिचा कारभार ह्याच जेम्स डॉन्टांकडे आला. त्यांनी हे पैसे घेणं बंद केलं. आधीच तोट्यातल्या दुकानाची मोठी मिळकत गेली. पण काय मांडायचं ते त्या त्या गावच्या दुकानातल्या माणसांनी ठरवावं असं त्यांनी केलं. परत जाणाऱ्या पुस्तकांचं प्रमाण खूप कमी झालं, आणि २०१६ पर्यंत साखळी पुन्हा नफ्यात आली. आम्ही ५० टक्क्यांच्या मोहानं आमची फळी विकली होती. आता वहीत दुसरा नियम आहे. जास्त सुटीचं पुस्तक आलं तर ते एकीऐवजी दोघींनी वाचायचं.

त्याच साखळीची आणखी एक गोष्ट, आपल्या ओळखीबद्दलची. तिनं साऊथवोल्ड, राय आणि हार्पेंडन ह्या तीन छोट्या गावांत दुकानं काढली, पण पाटीवर साखळीचं नाव घातलं नाही. गावाचं नाव घातलं, जणू गावातल्याच कुणाचं स्वतंत्र दुकान. काचेत हातानं लिहिलेल्या लहानशा चिठ्ठीत खरं सांगितलं होतं म्हणतात, पण २०१७ साली वर्तमानपत्रांत त्याचा बोभाटा झाला आणि टीका झाली. दुकानं चांगली असतीलही, पण गावाची ओळख नुसती पाटीवर लिहून मिळत नाही, हे त्यातून दिसलं.

मग ती कशी मिळते? आमच्यापुरतं सांगते. आमच्या दुकानात 'आपल्या तालुक्यातलं' अशी एक फळी आहे. तिथं स्थानिक लेखकांची पुस्तकं, जिल्ह्याचा इतिहास, इथल्या यात्रेची माहिती. ह्या फळीवर दडपण येतं. कवितासंग्रह स्वतः छापून घेतलेले गृहस्थ येतात, "आपल्याच गावचा आहे, ठेवा" म्हणतात. तिथंही नियम तोच, वाचल्याशिवाय नाही. नापास झालं तर वहिनी चहा देऊन सांगतात, "दादा, पाच प्रती तुमच्या नावानं काउंटरवर ठेवते, कुणी मागितल्या तर देईन, पण चिठ्ठी लिहिणार नाही." दोघं रागावून गेले. एकानं नंतर चांगलं पुस्तक आणलं.

दुसरं म्हणजे बाजाराच्या दिवशी दुपारी तीन ते चार वाचन. बाजार उरकून एसटीची वाट बघणाऱ्या बाया स्टँडवर उन्हात बसायच्या, त्या आता दुकानात बसतात. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. कित्येकींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांना आम्ही आधी हे सांगितलं की बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी आणि इतरांनी उतरवून घेतल्या. मग बाया स्वतःच्या ओव्या म्हणायला लागल्या. त्या तासात विक्री फारशी होत नाही, कधी एक, कधी दोन पुस्तकं. पण त्याच बाया घरी सांगतात, आणि पुढच्या आठवड्यात सून येते. गिऱ्हाइकांच्या वहीत आम्ही 'कुणाकडून कळलं' असं लिहून ठेवतो. मागच्या तीन महिन्यांत नवीन आलेल्या एकशे सहा जणांपैकी एकेचाळीस जणांनी बाजारच्या वाचनाचं नाव सांगितलं.

आता हे सगळं कुठं चालत नाही तेही सांगते. गाईडं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ह्यात आपली निवड कामाला येत नाही. मुलाला नाव पक्कं माहीत असतं, त्याला तेच हवं असतं, आणि तिथं किमतीतच सगळं ठरतं. वहिनी आता ती भरून ठेवत नाहीत. कुणी मागितलं तर सरळ सांगतात, "बाळा, फोनवर स्वस्त मिळेल, तिकडून घे." उलट टोकाला, लहान मुलांची ४०-५० रुपयांची पातळ पुस्तकं. एकच पुस्तक घरपोच मागवायचं तर पोचवायचा खर्चच किमतीइतका होतो. ती दुकानात हातानं चाळून घ्यायचीच वस्तू आहे. त्यामुळे आमच्या २८० पुस्तकांत जवळजवळ शंभर तशी आहेत.

दुकान बरं चाललंय की नाही हे ओळखायला वहिनी तीन गोष्टी मोजतात. सहा महिने न हललेली पुस्तकं किती. शंभरात पंधराच्या वर गेली की निवड चुकतेय, नवी खरेदी थांबवायची. दुसरं, महिन्याच्या गिऱ्हाइकांत परत आलेली किती. निम्म्याच्या खाली गेली की विश्वास कमी होतोय. आणि तिसरं, फोटो काढून जाणारी किती. फोटोला वहिनी बंदी करत नाहीत, फक्त रेघ मारतात. एकाच पुस्तकासमोर पाच रेघा झाल्या की कळतं, ह्या पुस्तकाला चिठ्ठीची गरज नाही, हे लोकांना आधीच माहीत आहे, मग ते आपण भरायचं कशाला?

आजचा हिशेब असा आहे. महिन्याला सरासरी दीडशे पुस्तकं, पुस्तकामागे ५५ धरले तर ८,२५०. वह्या-पेनांचे साधारण ३,५००. मिळून ११,७५०. म्हणजे ११,८०० ला पन्नास रुपये कमी. नुसत्या पुस्तकांवर दुकान अजून उभं नाही, वह्या-पेनांचा हात धरूनच आहे. पावसाळ्यात खप पडतो, दिवाळी अंकांच्या वेळी भरून निघतो. चोवीसपैकी सतरा हप्ते फिटले. त्या मावशींनी परवा बैठकीत विचारलं, "रद्दीतून किती आले?" मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "बरं. सात राहिले." आणि वहीवर अंगठा केला.

आणि तो फोटो काढणारा मुलगा अजूनही येतो. परीक्षेची पुस्तकं तो फोनवरूनच घेतो. मागच्या महिन्यात बहिणीच्या बारशाला द्यायला काय नेऊ म्हणून विचारायला आला होता. वहिनींनी तीन पुस्तकं पुढे ठेवली, त्यानं तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या, एक घेतलं आणि छापील किंमत दिली. वहिनी म्हणाल्या, "फोटो नाही काढलास?" तो म्हणाला, "काकू, फोनला माझी भाची माहीत नाही."